दीडशे पानी इंग्रजी मार्केट रिपोर्टचा दोन पानी मराठी गोषवारा कसा लिहावा?

मांजराकाठ | बुधवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लातूरजवळ आमची डाळ मिल आहे, आजेसासऱ्यांनी सुरू केलेली. रोज साधारण २० टन तूर भरडतो. माल ५० किलोच्या कट्ट्यात व्यापाऱ्यांना जातो. आता धाकट्या दिरांच्या मनात आहे की स्वतःच्या नावाची एक किलोची पाकिटं काढून पुण्यात आणि हैदराबादला विकावीत. त्यासाठी एका एजन्सीकडून रिपोर्ट करून घेतला. तो आला १४८ पानांचा, सगळा इंग्रजीत.

निर्णय तिघांनी घ्यायचा आहे: अप्पा (सासरे), काका (चुलत सासरे) आणि दीर. अप्पा आणि काकांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, पण हिशोबाला दोघंही पक्के. रिपोर्टचा मराठीत दोन पानी सारांश करून दे, असं मला सांगितलंय. पुढच्या रविवारी बैठक आहे. सुरुवात अशी लिहिली आहे (आकडे बदललेत, प्रमाण तेच ठेवलंय):

> पॅकबंद तूर डाळीची पुणे व हैदराबाद येथील बाजारपेठ ४२ कोटी रुपयांची असून ती दरवर्षी ११ टक्क्यांनी वाढत आहे. ६३ टक्के ग्राहक थेट मिलमधून आलेल्या डाळीसाठी किलोमागे १५ रुपये जादा देण्यास तयार आहेत. हैदराबादमध्ये हे प्रमाण ७० टक्के असल्याने प्रथम हैदराबादवर लक्ष केंद्रित करावे, अशी शिफारस करण्यात येत आहे.

वाचायला बरं वाटतंय, पण अप्पांच्या हातात द्यायला मन धजत नाही. काय चुकतंय?

---

गोदातीर | बुधवार, रात्री १०:०५

मी भाषांतराची कामं करतो. रिपोर्टच्या सुरुवातीला एजन्सीनेच पाच-सहा पानांचा सारांश दिलेला असेल. त्याचं वाक्यागणिक मराठी करा. आपल्या पदरचं काही घालू नका, त्यातलं काही गाळू नका. तुम्ही वेगळं लिहायला गेलात आणि उद्या काही बिघडलं, तर बोल तुमच्यावर येईल.

---

बीडची_मंजू | बुधवार, रात्री १०:२०

ताई, पीएमएफएमई योजनेत प्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आम्ही शेवयांच्या युनिटसाठी घेतलं. पण बँकेचा प्रकल्प अहवाल ठरलेल्या नमुन्यात लागतो, दोन पानांत भागत नाही. माझा नमुना पाठवू का?

---

मांजराकाठ | बुधवार, रात्री १०:३१

मंजूताई, धन्यवाद. पण हा बँकेसाठी नाही, घरातल्या तिघांसाठी आहे. बँकेचं पुढे निघालं तर नक्की मागेन.

गोदातीर, एजन्सीचा सारांश आहे, सहा पानांचा. त्यात पहिली दोन पानं देशाच्या डाळ उत्पादनावर आहेत. अप्पांना मी ते काय सांगू?

---

मोंढ्यातला_तात्या | गुरुवार, सकाळी ६:५०

पोरी, मी उदगीरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं आडत केली. सारांश म्हणून नको, गोषवारा म्हण. खतावणीचा गोषवारा काढतात तेव्हा कुणी अख्खी वही परत उतरवून काढत नाही. कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, शिल्लक काय, एवढंच बघतात.

आधी मला सांग, अप्पा काय विचारायलेत? ‘बाजार किती मोठा’ हे ते विचारत नसणार. ‘आपण मशिनीत पैसे घालावेत का’ हा त्यांचा प्रश्न. मग पहिल्या ओळीत त्याचंच उत्तर पाहिजे. तुझ्या तीन ओळी वाचून मला ते कळलं नाही.

---

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ११:१५

मी संभाजीनगरला असतो. एकोणीस वर्षं सर्व्हेच्या कामात गेली, त्यातली आठ असे रिपोर्ट लिहिण्यात. तात्यांशी सहमत. गोदातीर यांचं एवढंच पटतं की पदरचं घालू नये. पण एजन्सीचा सारांश हा एजन्सीने आपल्या कामाची बाजू मांडण्यासाठी लिहिलेला असतो. तुमच्या घरातला प्रश्न त्यात नसतो.

ताई, रिपोर्ट उघडून तीन गोष्टी बघून सांगा.

१. बाजारपेठेचा आकडा मुळात कोणत्या एककात आहे?

२. ६३ टक्क्यांच्या आलेखाखाली बारीक अक्षरात ‘बेस’ म्हणून एक संख्या असेल. ती किती?

३. मुलाखती कुठे घेतल्या? हे मागे परिशिष्टात सापडेल.

---

मांजराकाठ | गुरुवार, दुपारी २:४८

जेवणं झाल्यावर बसले. तीनही सापडलं आणि पोटात गोळाच आला.

आकडा ४.२ बिलियन रुपये आहे. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजे ४२० कोटी. मी ४२ लिहिले होते. थेट दहापटीची चूक.

आलेखाखाली लिहिलंय ‘बेस: १५०’. मुलाखती एकूण ४०० जणांच्या आहेत, पण जादा पैशांचा प्रश्न फक्त आधीपासून पाकीटबंद डाळ घेणाऱ्या १५० जणांना विचारला. आणि १३१व्या पानावर आहे की सगळ्या मुलाखती सुपरमार्केटच्या दारात घेतल्या.

---

आकडेमोड | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

तुमचं मन का धजत नव्हतं ते आता कळलं. ४२ कोटींची चूक बरेच जण करतात. लिहून झाल्यावर प्रत्येक रक्कम मूळ पानाशी ताडून बघितली की ती सापडते. ६३ टक्क्यांची चूक मात्र ताडूनही सापडत नाही, कारण आकडा बरोबरच आहे. चुकलाय तो ‘ग्राहक’ हा शब्द.

१५० चे ६३ टक्के म्हणजे ९४ माणसं. एकूण ४०० जणांत ती साडेतेवीस टक्के होतात, म्हणजे चारात एकही नाही. हे चारशेजणही सुपरमार्केटच्या दारातले. किराणा दुकानातून सुटी डाळ नेणारं घर त्यात जवळपास आलेलंच नाही. म्हणून ‘पुण्यातले ६३ टक्के ग्राहक’ असं लिहिता येत नाही. ‘सुपरमार्केटमध्ये जाणाऱ्या आणि आधीच पाकीट घेणाऱ्या १५० पैकी ९४ जण’ असं लिहावं लागतं. वाक्य लांबलं तरी चालेल.

आणखी एक बघा. त्या ९४ मध्ये ‘नक्की घेईन’ आणि ‘बहुतेक घेईन’ असे दोन गट एकत्र केलेले असण्याची शक्यता आहे. आमच्याकडे ही सर्रास पद्धत आहे. मागच्या तक्त्यात वेगवेगळे आकडे मिळतील.

---

उदगीरकर | गुरुवार, रात्री ८:१०

एवढा कीस काढला तर कुणी धंदाच करणार नाही. सर्व्हे म्हणजे अंदाजच असतो. बाजार वर्षाला ११ टक्के वाढतोय हे तर खरं ना? मग बास की.

आणि जीएसटीचं रिपोर्टमध्ये आहे का? नाव रजिस्टर केलं नाही तर तो लागत नाही, हे गोषवाऱ्यात टाका. फायदा होईल.

---

करसल्ला_नांदेड | गुरुवार, रात्री ९:०२

उदगीरकर, तुम्ही सांगताय तो जुना नियम. तेव्हा ब्रँड नोंदणीकृत आहे का, हे बघत. १८ जुलै २०२२ पासून डाळीचं पाकीट आधी भरलेलं आणि लेबल लावलेलं असेल तर २५ किलोपर्यंत ५ टक्के कर लागतो, नाव नोंदवलेलं असो वा नसो. ५० किलोच्या कट्ट्याला लागत नाही, म्हणून यांना आजवर त्याची झळ नव्हती. पाकीट करपात्र झालं की पॅकिंगच्या मशिनीवर आणि पिशव्यांवर भरलेल्या कराची वजावट मात्र मिळते. तेव्हा सगळे ५ टक्के तोट्यात धरू नका.

ताई, रिपोर्टमधले ‘किलोमागे १५ रुपये जादा’ हे कर धरून आहेत की कर सोडून, तेवढं बघा. १२० रुपयांच्या डाळीवर ५ टक्के म्हणजे ६ रुपये. पंधरातले सहा इथेच जातात.

---

मांजराकाठ | गुरुवार, रात्री १०:४०

कर धरून आहेत. ग्राहकाला दाखवलेल्या किमतीत सगळं आलेलं होतं. हे मला कधीच सुचलं नसतं.

तक्ताही सापडला. ९४ पैकी ‘नक्की घेईन’ म्हणणारे ३१, ‘बहुतेक’वाले ६३. म्हणजे चारशेत ३१. आठ टक्केसुद्धा नाहीत.

---

हळदवाला_वसमत | शुक्रवार, सकाळी ८:२५

माझा अनुभव सांगतो, थोडा वेगळा आहे.

आमची हळद. चार वर्षांपूर्वी आम्हीही एकाकडून रिपोर्ट घेतला होता, निर्यातीबद्दल. त्याचा मराठी सारांश माझ्या मेहुण्याने केला. इंग्रजीत वाक्य असं होतं की कीडनाशकांच्या अंशाची तपासणी प्रत्येक लॉटला उत्तीर्ण झाली, तर युरोपातली मागणी दुप्पट होऊ शकते. मराठीत झालं, ‘युरोपातील मागणी दुप्पट होणार आहे.’ ‘तर’ गेला, ‘शकते’ही गेलं. वडिलांनी तेवढं वाचून नवीन पल्व्हरायझर घेतला. आम्ही माल पंचवीस-तीस शेतकऱ्यांकडून घेतो. कुणी कधी काय फवारलं त्याची नोंद आमच्याकडे नव्हती. पहिल्या पाच लॉटपैकी तीन नापास. मशीन अजून झाकून ठेवलेलं आहे.

मेहुण्याने मुद्दाम केलं नाही. मराठीत ‘होऊ शकते’ लिहिलं की गुळमुळीत वाटतं, म्हणून तो ठाम लिहीत गेला. तुम्ही रिपोर्टमधला प्रत्येक ‘जर’ पेन्सिलीने गोल करा आणि तो मराठीत उतरलाय का बघा. हात जोडून सांगतो.

---

गोदातीर | शुक्रवार, सकाळी १०:००

हळदवाले, वाचून वाईट वाटलं. मी वाक्यागणिक म्हणत होतो ते याचसाठी. त्यात ‘जर’ गळत नाही.

पण आकडेमोड यांचंही पटलं. वाक्यागणिक केलं असतं तर ‘६३ टक्के ग्राहक’ जसंच्या तसं मराठीत आलं असतं, कारण एजन्सीनेच तसं लिहिलंय.

---

आकडेमोड | शुक्रवार, दुपारी १:२०

उदगीरकरांच्या ११ टक्क्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं. ताई, ती वाढ रुपयांत आहे की टनांत?

---

मांजराकाठ | शुक्रवार, दुपारी १:५५

रुपयांत. २०१९ ते २०२४. टनांचा आकडा कुठेच नाही.

---

आकडेमोड | शुक्रवार, दुपारी ३:१०

तीच शंका होती. वर्षाला ११ टक्के म्हणजे पाच वर्षांत शंभराचे १६८ होतात. पण त्याच काळात तुरीचं काय झालं ते मोंढ्यातली माणसं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. समजा डाळीचा भावच वर्षाला ७ टक्क्यांनी चढला. मग शंभराचे १४० नुसत्या भावाने झाले. १६८ ला १.४ ने भागा, १२० येतात. पाच वर्षांत माल वाढला तो २० टक्के, वर्षाला चारसुद्धा नाही. ७ टक्के मी उदाहरणादाखल धरलेत. खरा आकडा तुमच्या विक्रीच्या बिलांतून काढा.

---

मोंढ्यातला_तात्या | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

भाव सांगतो. २०२३ आणि २०२४ ला तुरीने क्विंटलला दहा हजार ओलांडले. माल कमी होता म्हणून. पुढं २०२५ ला हमीभाव ७५५० असताना बाजार त्याच्याही खाली गेला. २०२४ ला येऊन थांबणारा रिपोर्ट म्हणजे सुगीत उभं राहून वर्षाचा हिशोब सांगणं. वाढ दिसणारच की.

पोरी, अजून एक. टक्का, बिलियन हे अप्पांच्या डोक्यात बसत नाही. त्यांना दिवसात सांग, कट्ट्यात सांग.

---

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री ११:१०

तात्या, तुमचं वाचून लगेच वही घेतली. रिपोर्टमध्ये शेवटी आहे की तीन वर्षांत या बाजाराचा १ टक्का वाटा मिळू शकतो, म्हणजे ४.२ कोटी. किलोला १२० रुपये धरले तर साडेतीन लाख किलो, ३५० टन. आमचा २० टनाला ७० टक्के उतारा धरला तर रोजची डाळ १४ टन. ३५० भागिले १४.

पंचवीस दिवस!

एवढं सगळं करून तीन वर्षांनी मिलचं पंचवीस दिवसांचं काम. मी तो १ टक्का वाचून पुढे गेले होते, कारण ४.२ कोटी ऐकायला मोठे वाटतात. आणि तो १ टक्का कुठून आला याचं कारण पानभर शोधूनही मिळालं नाही. धरलाय एवढंच.

---

उदगीरकर | शनिवार, सकाळी ९:१५

पंचवीस दिवस हे कमी कसं? पाकिटाला किलोमागे सुटतं ते कट्ट्याला सुटत नाही. विक्री बघू नका, नफा बघा. जीएसटीचं माझं चुकलं, मान्य. पण हे चुकत नाही.

---

आकडेमोड | शनिवार, सकाळी १०:३०

उदगीरकर, हा मुद्दा बरोबर आहे. ताई, पंचवीस दिवस लिहा, पण त्याच्या पुढच्याच ओळीत किलोमागे हाती काय राहतं तेही लिहा. नाहीतर त्या एका आकड्याने निर्णय तुम्हीच देऊन टाकल्यासारखं होईल.

हैदराबादचं विसरू नका. दीडशेपैकी हैदराबादचे किती?

---

मांजराकाठ | शनिवार, सकाळी ११:०५

पुण्याचे ९०, त्यात हो म्हणणारे ५२. हैदराबादचे ६०, त्यात ४२. म्हणून ५८ आणि ७० टक्के.

---

आकडेमोड | शनिवार, दुपारी १२:२०

साठ माणसांच्या उत्तरात इकडेतिकडे बारा-तेरा टक्क्यांचा फरक सहज पडतो. एकाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं, हा आमचा तोंडी हिशोब. नव्वद माणसांना तो दहाच्या वर येतो. तुमच्या दोन शहरांतला फरकच बारा टक्क्यांचा. एवढ्यावरून हैदराबाद पुढे असं म्हणता येत नाही. आणखी साठजण विचारले असते तर कदाचित उलटं दिसलं असतं.

---

मोंढ्यातला_तात्या | शनिवार, दुपारी ४:००

सर्व्हे काही म्हणो, हैदराबादच बरं. उदगीर-लातूरची डाळ पिढ्यान्‌पिढ्या तिकडं जाते. ट्रक संध्याकाळी निघाला तर सकाळी पोचतो, ओळखीचे दलाल आहेत. पुण्यात कोण ओळखतो आपल्याला?

---

आकडेमोड | शनिवार, दुपारी ४:४५

तात्या, हे तुमचं म्हणणं त्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त वजनाचं आहे. पण ते रिपोर्टमधलं नाही. गोषवाऱ्यात ‘रिपोर्ट काय म्हणतो’ आणि ‘आपल्याला घरचं काय माहीत आहे’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. एकत्र केल्या की दोन्हींची किंमत जाते.

---

गोदातीर | शनिवार, संध्याकाळी ५:३०

शिफारसही नकोच. सुनेने ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं लिहिलं की बैठकीत चर्चा धंद्याची न होता तिची होईल.

---

मोंढ्यातला_तात्या | शनिवार, संध्याकाळी ६:१०

का म्हणून? १४८ पानं तिघांपैकी कुणी वाचली? हिनं वाचली. वाचणाऱ्याचं मत नको तर मग वाचायला कशाला लावलं?

---

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ९:१५

तीन वेळा लिहून आता हे झालं. पहिला भाग देते:

> प्रश्न: एक किलो पॅकिंगच्या मशिनीत आता पैसे घालावेत का?
>
> रिपोर्टवरून आता एवढंच दिसतं की मागणी आहे, पण ती किती आहे हे कळत नाही. एजन्सीने सुपरमार्केटच्या दारात ४०० जणांना विचारले. त्यातले १५० जण आधीच पाकीट घेतात. कर धरून किलोला १५ रुपये जादा देऊन आपली डाळ ‘नक्की घेईन’ असे ३१ जण म्हणाले, ‘बहुतेक घेईन’ असे ६३ जण (पान ५७, ११२). किराणा दुकानातून सुटी डाळ नेणाऱ्यांना विचारलेले नाही (पान १३१).
>
> बाजार ४२० कोटींचा, रुपयांत वर्षाला ११ टक्के वाढलेला (पान २२). यात भाववाढ किती आणि माल किती, हे रिपोर्टमध्ये नाही. तीन वर्षांत १ टक्का वाटा मिळू शकेल असे एजन्सीने धरले आहे, कारण दिलेले नाही (पान १४०). तेवढा वाटा मिळाला तर ती आपल्या मिलची २५ दिवसांची डाळ होते. पंधरा रुपयांतून कर आणि पिशवी वजा जाता किलोमागे काय उरते, ते सोबतच्या कागदावर.

प्रत्येक आकड्यापुढे पान टाकलंय, म्हणजे काकांना शंका आली तर तिथेच उघडून दाखवता येईल. ‘घरची माहिती’ म्हणून खाली वेगळा चौकोन केलाय. त्यात हैदराबादचं तात्यांनी सांगितलेलं आहे, तेही आमच्या दलालांना विचारून खात्री केल्यावरच टाकलं. माझं मत शेवटी दोन ओळींत, नाव घालून: आधी सहा महिने दुसऱ्याच्या मशिनीवर मजुरी देऊन पाकिटं भरून घ्यावीत आणि विकून बघावीत. गोदातीर, तुम्हाला पटणार नाही हे माहीत आहे.

---

गोदातीर | मंगळवार, रात्री ९:५०

नाही पटलं. पण नाव घालून वेगळं लिहिलंय, तेवढं बरं.

‘घालावेत का’ हे छान. माझ्या हातून ‘गुंतवणूक करणे उचित ठरेल काय’ असं गेलं असतं.

---

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ७:३०

काल बैठक झाली. अप्पांनी दोन्ही पानं चष्मा लावून दोनदा वाचली. ६३ टक्क्यांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. पंचवीस दिवसांवर बोट ठेवून म्हणाले, “या हिशोबाचं मी कुणाला विचारू, तुला का त्याला?” मी म्हटलं, “मला.” मग वहीतला हिशोब दाखवला.

दीर थोडे नाराज आहेत. त्यांना वाटतं मी रिपोर्टमधलं चांगलं मागे टाकलं. काका म्हणाले, सहा महिने कशाला, तीनच बघू. अप्पांनी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर १४८ पानांत नाही: त्या ३१ जणांच्या घरात महिन्याला तूर डाळ किती लागते?

आकडेमोड, हे एजन्सीकडून आता मागता येईल का? मूळ फॉर्म त्यांच्याकडे असतील ना?

---

आकडेमोड | सोमवार, सकाळी ९:०५

मागा. फॉर्ममध्ये प्रश्न विचारलेला असेल तर माहिती त्यांच्याकडे असतेच, रिपोर्टमध्ये आली नाही इतकंच. आधी कोरी प्रश्नावली मागवून घ्या, मग एकूण तक्ते मागा. प्रश्नच विचारलेला नसेल तर त्या ३१ जणांना पुन्हा फोन करायला सांगा. एकतीस फोन म्हणजे दोन दिवसांचं काम आहे.